भंगारातला कोबाल्ट

घरातला इन्व्हर्टर जुना झाला की त्याची बॅटरी कुणी कचऱ्यात टाकत नाही. दुकानदार नवी बॅटरी देताना जुनीचे पैसे वजा करतो. रिक्षाची किंवा मोटारीची बॅटरी असली तर भंगारवाला स्वतःहून विचारत येतो. ही बॅटरी शिशाची असते. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते, ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि पुन्हा बॅटरीतच जाते. कुठल्याही कंपनीची बॅटरी उघडा, आत तेच शिसे आणि तेच आम्ल. त्यामुळे तिचा भाव वजनावर ठरतो आणि गल्लीतल्या काट्यापासून कारखान्याच्या भट्टीपर्यंत सगळ्यांना तो ठाऊक असतो. (ही भट्टी वस्तीत चालली तर शिशाचा धूर मुलांच्या रक्तात उतरतो, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे.)

आता मोबाईलची बॅटरी घ्या. ती टेबलाच्या खणात जुन्या चार्जरच्या गुंत्यात पडून असते. कधी मुलांच्या हाती लागते, कधी ओल्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जाते. दारावर आलेला भंगारवाला म्हणतो, "भाभी, बंद मोबाईल का बीस रुपया देता हूँ, खाली बॅटरी का कुछ नहीं." खरे तर वजनाच्या हिशेबात ही बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. मग तिला भाव का नाही? याचे उत्तर रसायनशाळेत फारसे सापडत नाही. ते काट्यावर आणि पोत्यात सापडते. पण आधी आत काय आहे ते पाहू.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, जपानच्या सोनी कंपनीकडून. तिच्यामागचे संशोधन करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रचना मिठाईच्या घडीसारखी आहे. तांब्याचा पातळ वर्ख, त्यावर ग्राफाइटचा काळा लेप. मग प्लास्टिकचा अतिपातळ, सच्छिद्र पडदा. मग अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणि त्यावर दुसरा काळा लेप. हे सगळे गुंडाळून पिशवीत किंवा डब्यात भरतात आणि त्यात इलेक्ट्रोलाइट नावाचा ज्वालाग्राही द्रव ओततात. चार्ज करताना लिथियम एका लेपातून निघून ग्राफाइटमध्ये शिरते, वापरताना परत येते.

साधारण ४,००० मिलीअँपिअर-तासाची मोबाईल बॅटरी सुमारे ६० ग्रॅमची असते. त्यातला अ‍ॅल्युमिनियमवरचा काळा लेप २५ ग्रॅमच्या आसपास. मोबाईलमध्ये हा लेप बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा असतो आणि या संयुगाच्या वजनात ६० टक्के कोबाल्ट व ७ टक्के लिथियम असते. म्हणजे एका बॅटरीत साधारण १५ ग्रॅम कोबाल्ट आणि पावणेदोन ग्रॅम लिथियम. त्याखेरीज बारा-तेरा ग्रॅम ग्राफाइट, पाचेक ग्रॅम तांबे, जवळपास तेवढेच अ‍ॅल्युमिनियम. उरलेला भाग द्रव, प्लास्टिक आणि छोटी सर्किट पट्टी.

नाव लिथियमचे, पण पैसा कोबाल्टचा, असा हा मामला आहे. जगातला बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोच्या खाणींतून निघतो. त्यातला काही भाग हाताने खणला जातो आणि त्या खड्ड्यांत मुलेही राबताना आढळली आहेत. भारतात कोबाल्टची खाण चालत नाही, तो बाहेरूनच येतो. तरीही आपल्या खणात पडलेल्या तुकड्याच्या वजनाचा चौथा हिस्सा कोबाल्ट असतो. खाणीतल्या खनिजात कोबाल्टचे प्रमाण याहून कितीतरी कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या तुकड्याची श्रीमंती कळते.

तो बाहेर काढतात कसा? ढोबळपणे दोन वाटा आहेत. पहिली भट्टीची. बेल्जियममधल्या होबोकेन इथल्या युमिकोर कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर चालवली. सेल भट्टीत वितळवले की कोबाल्ट, निकेल आणि तांबे मिश्रधातू होऊन खाली बसतात. ग्राफाइट आणि प्लास्टिक जळून जाते, अ‍ॅल्युमिनियम आणि लिथियम मळीत जाते. त्या मळीतून लिथियम काढायला पुन्हा वेगळी खटपट करावी लागते. या वाटेचा फायदा असा की माल फार निवडावा लागत नाही.

दुसरी वाट पाण्याची आणि आम्लाची. भारतातले बहुतेक नवे कारखाने या वाटेने जातात, उत्तराखंडात रुडकीला असलेला अटेरोचा कारखाना त्यांपैकी एक. आधी सेलमधला उरलेला विद्युतभार काढून टाकतात. मग पाण्याखाली किंवा प्राणवायू नसलेल्या बंद यंत्रात त्याचे तुकडे करतात, म्हणजे ठिणगी पडली तरी पेट घेत नाही. तुकडे चाळले की वर्खांचे कपटे, प्लास्टिक आणि लोखंडी डबे वेगळे होतात आणि चाळणीखाली एक काळी भुकटी पडते. धंद्यात तिला ब्लॅक मास म्हणतात. कोबाल्ट, निकेल, मँगनीज, लिथियम आणि ग्राफाइट सगळे हिच्यातच. तिचा भावही आतल्या कोबाल्ट, निकेल आणि लिथियमच्या टक्क्यांवर ठरतो. वर्खाचा चुरा जास्त मिसळला असेल तर भाव कापला जातो.

ही भुकटी गरम सल्फ्युरिक आम्लात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून विरघळवतात. ग्राफाइट विरघळत नाही, गाळणीवर राहते. मग द्रावाची आम्लता हळूहळू उतरवली की आधी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम गाळ होऊन बसतात. त्यानंतर खास सेंद्रिय द्रावकांनी मँगनीज, कोबाल्ट, निकेल एकामागून एक ओढून घेतात. लिथियमचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, घालून लिथियम कार्बोनेटची पांढरी पूड मिळवतात. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते, या पुडीचे उलटे आहे. म्हणून द्राव तापवून गरमच गाळतात, थंड झाला तर हाती आलेले लिथियम परत पाण्यात जाते. लिथियम शेवटी येत असल्याने आधीच्या प्रत्येक गाळाबरोबर त्याचा थोडा थोडा अंश निसटतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यातही हे दिसते. २०२७ अखेर कोबाल्ट, निकेल आणि तांबे यांची ९० टक्के वसुली बंधनकारक आहे, लिथियमची मात्र ५० टक्के.

चांगल्या कारखान्यात आलेल्या सेलमधले कोबाल्ट बहुतांश परत मिळते, हे आता सिद्ध झालेले आहे. अडचण "आलेल्या" या शब्दात आहे.

एक कल्पित हिशेब मांडू. एका शहरात वर्षाला १०० मोबाईल बॅटऱ्या निकामी होतात आणि त्यांतल्या १० कारखान्यापर्यंत पोहोचतात. कारखाना ९५ टक्के कोबाल्ट काढतो. म्हणजे शहरातल्या कोबाल्टपैकी साडेनऊ टक्के परत आला. आता कारखान्याने कोट्यवधी खर्चून नवी यंत्रे बसवली आणि ९५ चे ९८ केले, तर आकडा होतो ९.८. त्याऐवजी जुन्याच यंत्रांवर १० च्या जागी २० बॅटऱ्या आणल्या, तर आकडा थेट १९. हे टक्के एकमेकांशी गुणले जातात, त्यामुळे साखळीतली सर्वांत कच्ची कडीच निकाल ठरवते. ती कडी म्हणजे गोळा करणे.

गोळा का होत नाहीत? एक कारण घराघरातले खण. फोनमध्ये फोटो असतात, नंबर असतात, मन होत नाही. दुसरे कारण वजन. इन्व्हर्टरच्या एका बॅटरीत वीस-पंचवीस किलो माल मिळतो. तेवढ्या वजनासाठी मोबाईलच्या ४०० बॅटऱ्या, म्हणजे ४०० घरांचे दार ठोठवावे लागते. फेरीवाल्याच्या पायपिटीला ते परवडत नाही. त्यातच आजचे फोन पाठ चिकटवलेले असतात, बॅटरी नखाने उचकटून निघत नाही. तापवून, पातळ पट्टी घालून ती सोडवावी लागते आणि पट्टी जरा तिरकी गेली की आतले वर्ख एकमेकांना टेकून धूर निघतो.

तिसरे कारण धंद्याच्या आतले आहे, ते फारसे बोलले जात नाही. भंगारातल्या सेलला पहिला गिऱ्हाईक पुनर्वापरवाला असतो, कारखाना नंतर. लॅपटॉपची बॅटरी निकामी होते तेव्हा तिच्या सहा सेलपैकी बहुधा एक-दोनच गेलेले असतात. उरलेले मीटर लावून निवडतात आणि ते स्वस्त पॉवर बँकमध्ये, टॉर्चमध्ये, कधी दुचाकीच्या पॅकमध्ये जातात. यात वाईट काही नाही, वस्तू पूर्ण वापरली जावी हे योग्यच. धोका तेव्हा येतो जेव्हा महिनोन्‌महिने पडून पार उतरलेला सेल पुन्हा चार्ज करून "जिवंत" केला जातो. सेलचा दाब फार खाली गेला की तांब्याचा वर्ख द्रवात विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबे भलत्या जागी, सुईसारखे जमते आणि पडदा भेदते. असा सेल मीटरवर ठीक दिसतो आणि एखाद्या रात्री उशाशी पेटतो.

आणि चौथे, फोडणे. दिल्लीचे सीलमपूर असो वा आपल्याकडची भंगाराची गल्ली, छोट्या दुकानात या बॅटरीतून हाताने काढता येण्यासारखे तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एवढेच आहे. त्यासाठी पोरगा हातोडीने सेल फोडतो, वर्ख झटकतो आणि काळा लेप गटारात जातो. जी भुकटी खरा माल, तीच फेकली जाते! वर त्या द्रवातले फ्लोरिनचे क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवतात. ते कातडीवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही, आत उतरल्यावर वेदना सुरू होतात. पाच ग्रॅम तांब्यासाठी पंधरा ग्रॅम कोबाल्ट आणि पोराचे हात गमावणे, हा सौदा कुणी डोळे उघडे ठेवून करणार नाही. पण कोबाल्ट विकत घेणारा त्याच्या दुकानापर्यंत आलेलाच नसतो.

समजा गोळा झाल्या. आता निवडणे. इथे शिशाच्या बॅटरीशी असलेला खरा फरक दिसतो. "लिथियम बॅटरी" हे एका वस्तूचे नाव नसून कुटुंबाचे नाव आहे. मोबाईलमध्ये कोबाल्टवाली, लॅपटॉपमध्ये आणि अनेक विजेच्या दुचाक्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली. सौर दिवे, नवे लिथियम इन्व्हर्टर, ई-रिक्षा आणि विजेच्या बस यांत मात्र बहुधा लोह-फॉस्फेटवाली. या शेवटच्या प्रकारात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. आहे ते लोखंड, फॉस्फरस आणि वजनाच्या मानाने किंचित लिथियम. ही बॅटरी टिकाऊ आहे, पेटायला अवघड आहे, म्हणून वापरणाऱ्यासाठी चांगली. भंगारात मात्र ती गरीब.

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या वेष्टनातल्या बोटभर नळ्या. आता १०० किलोचे पोते घ्या. सगळे मोबाईलचे सेल असतील तर त्यात साधारण २५ किलो कोबाल्ट आहे. त्यातले ५० किलो काढून तेवढेच लोह-फॉस्फेटचे सेल मिसळले, तर कोबाल्ट साडेबारा किलोवर येतो. नुकसान एवढेच असते तर चालले असते. पण आता पाच-सहा किलो लोखंड आणि त्याच्याबरोबरचा फॉस्फेट आम्लात उतरला आहे. तो विरघळवायला आम्ल जास्त लागते, बाहेर काढायला सोडा जास्त लागतो. शिवाय जो गाळ बसतो तो चिकट, गाळायला अवघड असतो आणि जाताना थोडा कोबाल्टही अंगावर घेऊन जातो. म्हणून कारखानदार मिश्र पोत्याला सर्वांत वाईट शक्यता धरून भाव देतो. आत नेमके काय आहे ते कळत नाही, तर कमीच आहे असे समजून. निवडलेल्या पोत्याचा आणि मिसळलेल्या पोत्याचा भाव यांतला हा फरक हीच निवडणाऱ्याची मजुरी असते. तो फरक त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो निवडणारही नाही.

ओळखायचे कसे? सोपी खूण लेबलवर असते. मोबाईल आणि लॅपटॉपच्या सेलवर ३.६, ३.७ किंवा ३.८५ व्होल्ट लिहिलेले असते, लोह-फॉस्फेटच्या सेलवर ३.२. पॅक असेल तर भागाकार करावा. १२.८ व्होल्ट म्हणजे ३.२ चे चार सेल, लोह-फॉस्फेट. ११.१ म्हणजे ३.७ चे तीन, कोबाल्ट-निकेलवाले. ५१.२ म्हणजे ३.२ चे सोळा. ५१.८ म्हणजे ३.७ चे चौदा. नळीसारख्या सेलवर इंग्रजी अक्षरे छापलेली असली तर आणखी सोपे. दुसरे अक्षर सी असेल तर कोबाल्ट, एन असेल तर निकेल, एफ असेल तर लोह.

इथे एक चूक हमखास होते. लेबल फाटले आहे म्हणून मीटर लावला आणि ३.२ आले, म्हणजे लोह-फॉस्फेट, असे नाही. मीटर दाखवतो तो आत्ताचा दाब. कोबाल्टवाला सेलही उतरला की ३.२ दाखवतो. लेबलवरचा आकडा जातीचा असतो, मीटरवरचा त्या क्षणाचा. आणि वेष्टन बदलून खोटे लेबल चिकटवलेले सेलही बाजारात भरपूर आहेत, म्हणून कारखान्यात प्रत्येक लॉटमधले दोन-चार सेल उघडून तपासतात. कोबाल्टवाले आणि निकेलवाले एकमेकांत मिसळले तर फार बिघडत नाही, आम्लाच्या वाटेत ते तसेही वेगळे होतात. लोह-फॉस्फेट बाजूला निघणे सर्वांत महत्त्वाचे.

त्याहून जिवावरची मिसळ एकच आहे. हल्ली लिथियमचे पॅक शिशाच्या बॅटरीच्याच आकाराच्या डब्यात येतात, म्हणजे जुन्या जागी बसावेत. असा डबा भंगारात शिशाच्या ढिगात गेला आणि तिथून कापणी यंत्रात किंवा भट्टीत पोहोचला तर स्फोट होतो. शिशाच्या कारखान्यांत असे अपघात जगभर झाले आहेत. उचलून पाहिले तर कळते, त्याच आकाराचा लिथियमचा डबा निम्म्याहून हलका असतो.

घरापुरते सांगायचे तर, फोन ० टक्के दाखवून बंद पडला तरी सेल रिकामा नसतो. पेट घेण्याइतका भार त्यात उरतो. सुटी बॅटरी ठेवायची असेल तर तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि किल्ल्या-नाण्यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. कोरडी वाळू भरलेल्या लोखंडी डब्यात ठेवून लवकरात लवकर बाहेर द्यावी. मिठाच्या पाण्यात बुडवून ती "मारण्याचा" उपाय काही जण सांगतात. घरात तो नको, त्या पाण्यातून क्लोरीन आणि हायड्रोजन वायू निघतात.

द्यायची कुठे? केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यांनुसार बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी आहे. वापरणाऱ्याने ती इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते याचसाठी. नोंदणीकृत कारखाना जेवढ्या मालावर प्रक्रिया करतो तेवढी प्रमाणपत्रे त्याला मिळतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपली जबाबदारी पुरी झाल्याचे दाखवतात. कारखान्यांनी मोबाईलच्या आणि विजेच्या वाहनांच्या बॅटरीच्या कोरड्या वजनातला किती भाग परत मिळवायचा, याचे लक्ष्य २०२४-२५ साठी ७० टक्के, पुढच्या वर्षी ८० आणि त्यापुढे ९० टक्के आहे.

या व्यवस्थेची खरी परीक्षा कोबाल्टवाल्या सेलवर होणार नाही. त्यांना आज ना उद्या गिऱ्हाईक मिळेलच. परीक्षा होईल ती लोह-फॉस्फेटवर, कारण येत्या काही वर्षांत ई-रिक्षा, बस आणि लिथियम इन्व्हर्टर यांचे ढीग त्याचेच असतील आणि त्यातल्या लिथियमची किंमत उतरली की ते गोळा करण्याचा खर्चही निघत नाही. तिथे प्रमाणपत्राचे पैसेच भंगारवाल्याच्या काट्यापर्यंत यावे लागतील. शिशाच्या बॅटरीत हे काम शिसे स्वतःच्या भावाने करते. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत ते कुणाला तरी करावे लागेल, आणि नियमाने ते बॅटरी विकणाऱ्या कंपनीवर टाकले आहे. नवी ई-रिक्षा किंवा लिथियम इन्व्हर्टर घेताना जुना पॅक परत कोण घेणार आणि काय भावाने, हे विचारून बिलावर लिहून घ्यायला हरकत नाही.